जानेवारीत रॉड, जुलैत फुलं: झिंक ऑक्साइड नॅनोरॉडच्या रिपोर्टमध्ये ‘पद्धत’ लिहिताना काय राहून जातं

दरवर्षी जुलैच्या मध्यावर आमच्या लॅबच्या दारात एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाचं कुणीतरी उभं असतं. छत्रीचं पाणी ठिबकतंय, हातात झिप-पाऊचमध्ये काचेचे तुकडे. आणि वाक्य ठरलेलं: “मॅडम, सीनिअर्सच्या रिपोर्टमध्ये आहे तसंच्या तसं केलं, पण रॉड येत नाहीत.”

सीनिअर्सचा रिपोर्ट खोटा नसतो. तो जानेवारी-फेब्रुवारीत केलेल्या कामावर लिहिलेला असतो, आणि पुढची बॅच तो हातात घेऊन जून-जुलैत कामाला लागते. मुंबईत या दोन महिन्यांची हवा म्हणजे दोन वेगळी गावं. त्यात रिपोर्टचा ‘पद्धत’ हा भाग चार ओळींत उरकलेला. यंदा ज्या दोघी आल्या त्यांच्या हातातल्या रिपोर्टमध्ये एवढंच होतं:

“झिंक नायट्रेट हेक्झाहायड्रेट व एचएमटी यांचं प्रत्येकी २५ मिलीमोलर जलीय द्रावण तयार केलं. सीड लेअर दिलेली काच त्यात ठेवून टेफ्लॉन-लाइन्ड ऑटोक्लेव्ह ९५ अंश सेल्सिअसला ६ तास ठेवला. नंतर नमुना धुऊन वाळवला. एक्सआरडी व एसईएम केलं.”

यात चूक काहीच नाही. पण हे वाचून दुसऱ्याला तीच काच बनवता येत नाही. त्या दोघींचा माग कसा काढला ते क्रमाने सांगते. त्यांच्या दोन वेगळ्या तक्रारी एकमेकींत मिसळल्या होत्या आणि म्हणून काहीच उलगडत नव्हतं.

त्यांच्या काचेवर पांढरट थर होता आणि तो बोटाने पुसला जात होता. कॉलेजच्या डेस्कटॉप एसईएमवर बघितलं तर वर सगळीकडे काटेरी फुलं: एका मध्यातून सहा-आठ जाड रॉड बाहेर पडलेले, कदंबाच्या फुलासारखे. त्यांच्या आडून, फटींमधून, खाली बारीक उभे रॉड दिसत होते. म्हणजे रॉड आले नव्हते असं नव्हतंच. ते गाडले गेले होते.

इथे जरा रसायनाकडे बघायला हवं. एचएमटी, म्हणजे हेक्झामिथिलीन टेट्रामीन, गरम पाण्यात हळूहळू फुटतं आणि त्यातून अमोनिया व फॉर्माल्डिहाइड सुटतं:

```
C6H12N4 + 6H2O → 6HCHO + 4NH3
NH3 + H2O ⇌ NH4+ + OH-
Zn2+ + 2OH- → ZnO + H2O
```

अमोनियामुळे द्रावण सावकाश अल्कधर्मी होतं आणि झिंक ऑक्साइड बाहेर पडू लागतं. त्याला बसायला दोन जागा असतात. एक, काचेवर आधी दिलेल्या सीडच्या कणांवर. तिथे तो सरळ उभा वाढतो. दुसरी, द्रावणात मध्येच कुठेतरी; तिथे आधार नसल्याने एका कणापासून सगळ्या दिशांना रॉड फुटतात आणि फूल तयार होतं. ही फुलं जड असतात. ती तळाशी बसतात. काच जर लायनरच्या तळाशी, सीडची बाजू वर करून आडवी ठेवली असेल, तर सहा तास तिच्यावर फुलांचा पाऊस पडत राहतो.

“काच कशी ठेवली होती?”
“आत ठेवली होती, मॅडम.”

हेच ते राहून गेलेलं वाक्य. सीनिअर मुलाने काच तिरकी, सीडची बाजू खाली करून लायनरच्या भिंतीला टेकवली होती. त्याला ते इतकं अंगवळणी पडलं होतं की लिहावंसं वाटलं नाही.

याची परीक्षा करायला कुठलंही मोठं उपकरण लागत नाही. एकाच लायनरमध्ये, एकाच द्रावणात, सारख्याच सीडचे दोन तुकडे ठेवा: एक वर तोंड करून, एक तिरका खाली तोंड करून. सहा तासांनी दोन्ही बाहेर काढून पाण्याने धुवा. वरच्या तोंडाचा तुकडा खडूने घासल्यासारखा दिसतो आणि थर पुसला जातो. खालच्या तोंडाच्या तुकड्यावर एकसारखा धुरकट, घट्ट धरलेला थर असतो. दोन्ही असेच दिसले तर गुन्हेगार सापडला. दोन्ही सारखेच पांढरे निघाले तर काचेची दिशा सोडा आणि सीडकडे वळा. सीड नीट धरलं नसेल तर झिंक ऑक्साइडला काचेवर जागाच मिळत नाही आणि सगळं द्रावणातच उतरतं.

जाता जाता: लायनरच्या भिंतीवर मागच्या वेळची पांढरी खरपुडी राहिली असेल तर तीसुद्धा सीडचं काम करते आणि झिंक खाऊन टाकते. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने ती चटकन विरघळते. मग भरपूर डीआय पाण्याने धुवायचं. आणि लायनर पूर्ण थंड झाल्यावर फ्यूम हूडमध्येच उघडायचा. आत फॉर्माल्डिहाइड आहे, नाक लगेच सांगतं.

काच उलटी केल्यावर फुलं गेली. दोघी खूश. पण चांगल्या एसईएमवर बघितलं तेव्हा दुसरी तक्रार उघडी पडली. रॉड उभे होते, दाट होते, पण सीनिअरच्या रिपोर्टमधले रॉड सरासरी ६५ नॅनोमीटर जाड आणि यांचे ४५ च्या आसपास. लांबीही कमी. दोनदा केलं, दोनदा तेच.

यावर सगळ्यांचा पहिला संशय ओव्हनवर जातो, आणि तो तपासलाच पाहिजे. स्टीलचा ऑटोक्लेव्ह जड असतो, टेफ्लॉन उष्णतेला अडवतं, म्हणून ओव्हनच्या पट्टीवर ९५ दिसतं तेव्हा आतलं पाणी कोमटच असतं. आम्ही लायनरमध्ये ७० मिलीलीटर पाणी भरलं, झाकण न आवळता त्यातून थर्मोकपलची तार आत सोडली आणि दर दहा मिनिटांनी आकडा लिहिला. पाणी ९० अंशांवर जायला सत्तरेक मिनिटं लागली. म्हणजे ‘६ तास’ हे प्रत्यक्षात पावणेपाच तासांची वाढ आणि तापण्याचा वेळ असं होतं. (ही मोजणी ९५ अंशांसाठीच, आणि झाकण सैल ठेवूनच. १२० किंवा १५० अंशांवर असले प्रयोग करायचे नाहीत.) पण ओव्हन तोच, ऑटोक्लेव्ह तोच, आणि सीनिअरनेही वेळ ऑटोक्लेव्ह आत ठेवल्यापासूनच धरली होती. त्यामुळे जाडीतला फरक यातून येत नव्हता. रिपोर्टमध्ये मात्र हे लिहायलाच हवं: वेळ कुठून मोजली, ऑटोक्लेव्ह केवढा, किती भरला. दुसऱ्या कॉलेजातला लहान ऑटोक्लेव्ह लवकर तापेल आणि त्याच ‘६ तासां’त जास्त वाढ देईल.

(खरं तर ९५ अंशांवर पाणी उकळतसुद्धा नाही, त्यामुळे काटेकोर माणसं याला हायड्रोथर्मल न म्हणता केमिकल बाथ म्हणतात. परीक्षकाने विचारलं तर वाद घालू नका. तापमान आणि बंद भांडं, दोन्ही स्पष्ट लिहिलं असलं की नावाचा प्रश्न गौण होतो.)

मग मी झिंक नायट्रेटची बाटली मागवली. झाकण उघडलं आणि उत्तर डोळ्यांसमोर होतं. स्फटिक कोरडे, सुटे नव्हते. ओल्या साखरेसारखा गोळा, आणि बाटलीच्या कडेला पाण्याची कड.

Zn(NO3)2·6H2O हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि तेही पार स्वतःच विरघळेपर्यंत. जानेवारीत उघडलेली बाटली, सहा महिने रोज कुणीतरी उघडतंय, आणि त्यात जुलैची दमट हवा. आता त्यातलं ०.७४४ ग्रॅम तोललं तर वजनकाटा ०.७४४ च दाखवणार. पण त्यातलं काही झिंक नायट्रेट आणि काही नुसतं पाणी. काट्याला काय कळणार?

किती झिंक आहे ते टायट्रेशनने अर्ध्या तासात कळतं, आणि ही गोष्ट प्रत्येकाने बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला केलेली असते. द्रावण १०० मिलीलीटर केलं होतं. रेणुभार २९७.४९ धरला तर ०.७४४ ग्रॅममध्ये २.५ मिलीमोल झिंक, म्हणजे २५ मिलीमोलर. त्यातलं १० मिलीलीटर पिपेटने घेतलं, अमोनियाचं पीएच १० चं बफर घातलं, एरिओक्रोम ब्लॅक टी टाकलं आणि ०.०१ मोलर ईडीटीए ब्युरेटमधून सोडलं. झिंक पूर्ण असतं तर वाइनसारखा लाल रंग २५.० मिलीलीटरला निळा झाला असता. तो २०.६ ला झाला. तीन वेळा केलं, पहिल्या दशांशापर्यंत तोच आकडा.

म्हणजे द्रावण २५ नव्हे, २०.६ मिलीमोलर. तोललेल्या ०.७४४ ग्रॅममध्ये खरं हेक्झाहायड्रेट ०.६१३ ग्रॅम आणि उरलेलं ०.१३१ ग्रॅम जास्तीचं पाणी. जवळजवळ साडेसतरा टक्के. एचएमटी मात्र पूर्ण २५ मिलीमोलर. त्यामुळे एकास एक हे प्रमाणही गेलं आणि झिंक कमी पडलं. झिंक कमी झालं की रॉड बारीक होतात, हे या पद्धतीत सगळ्यांना ठाऊक असलेलं वळण आहे. आपल्याकडे झिंक कमी झालंय, हे मात्र कुणाच्या मनात आलं नव्हतं.

उपाय करताना दोन मोह टाळायचे. पहिला, स्फटिक ओव्हनमध्ये वाळवणं. हे हेक्झाहायड्रेट सुमारे ३६ अंशांनाच स्वतःच्या पाण्यात वितळतं, त्यामुळे हाती चिकट रस येतो. जोरदार शोषकासोबत डिसिकेटरमध्ये बरेच दिवस ठेवलं तर उलटा घोटाळा: स्फटिकातलं स्वतःचं पाणीही जाऊ लागतं आणि मग तोललेल्या वजनात झिंक जास्त भरतं. दुसरा मोह, झिंक अॅसिटेटकडे वळणं. ते बरंच शहाणं मीठ आहे, पण अॅसिटेटने रॉडची घडण बदलू शकते. मग तुमचा रिपोर्ट सीनिअरच्या रिपोर्टशी ताडता येणार नाही.

आम्ही केलं ते असं. बाटलीतलं झिंक नायट्रेट एकदाच तोलून अंदाजे ०.५ मोलरचं स्टॉक द्रावण केलं, म्हणजे १०० मिलीलीटरला १४.८७ ग्रॅम. एकदा द्रावण झालं की हवेतल्या ओलाव्याचा प्रश्न मिटला, कारण पाण्यात ते आधीच आहे. फक्त बूच घट्ट हवं. मग स्टॉक वीसपट पातळ करून टायट्रेशन केलं. २०.६ आलं. म्हणजे ५ मिलीलीटरऐवजी ६.०७ मिलीलीटर स्टॉक १०० ला नेला की बरोबर २५ मिलीमोलर. बाटली ओली का कोरडी, हे आता महत्त्वाचं राहत नाही. पुढच्या काचेवर रॉड ६० ते ६८ नॅनोमीटरमध्ये आले.

आता रिपोर्टचा दुसरा भाग, पुढे करायच्या तपासण्यांचा. “एक्सआरडी व एसईएम केलं जाईल” या वाक्याला अर्थ नाही. कुठली तपासणी कुठल्या प्रश्नाचं उत्तर देणार आणि कुठल्या प्रश्नाचं देऊच शकत नाही, ते आधी ठरवून लिहावं लागतं. आमच्या दोघींनी आधी २० ते ८० अंश टू-थीटा असं लिहिलं होतं. मी ते ५ पासून करायला लावलं. झिंक ऑक्साइडच्या तीन मोठ्या रेषा कॉपर के-अल्फाला ३१.८, ३४.४ आणि ३६.३ अंशांजवळ येतात, म्हणून सगळे तिथूनच सुरू करतात. पण पद्धत फसली की जो पदार्थ बनतो तो थरांचा झिंक हायड्रॉक्सी नायट्रेट असतो, Zn5(OH)8(NO3)2·2H2O, आणि त्याची सगळ्यात ठळक रेषा ९ अंशांच्या आसपास असते. २० पासून स्कॅन केला तर ती दिसणारच नाही आणि तुम्ही आनंदाने ‘शुद्ध’ लिहून मोकळे व्हाल. एसईएममध्ये रॉडऐवजी पातळ पापुद्रे दिसले तर आधी ही रेषा शोधा.

दुसरं, रेषांची उंची. झिंक ऑक्साइडच्या भुकटीत (१०१) सगळ्यात उंच असते आणि (००२) तिच्या निम्म्याहूनही कमी, शंभराला चव्वेचाळीस. रॉड काचेवर उभे असतील तर (००२) उंच चढते आणि (१०१) बसते. फुलांनी झाकलेल्या पहिल्या काचेचा आलेख जवळजवळ भुकटीसारखा होता, कारण फुलांमधले रॉड सगळ्या दिशांना तोंड करून असतात. काच उलटी केल्यावर (००२) ताडासारखी उभी राहिली. पण यावरून ‘रॉड आहेत’ असं लिहायचं नाही. नीट रांगेत बसलेला सपाट थरही अशीच (००२) देतो. एक्सआरडी सांगतं पदार्थ कोणता आणि त्याचा कल कुठे. आकार सांगायचं काम एसईएमचं.

याच रेषेवरून शेररचं सूत्र लावून ‘रॉडचा व्यास’ काढण्याची खोड तर हमखास. त्या दोघींनीही काढला होता: (००२) ची अर्ध्या उंचीवरची रुंदी ०.२० अंश, उत्तर ४२ नॅनोमीटर, आणि खाली लिहिलं होतं, ‘एसईएमशी जुळतं’. जुळलं ते निव्वळ योगायोगाने. उभ्या रॉडच्या (००२) रेषेत रॉडची लांबीची दिशा मोजली जाते, आणि लांबी तर एसईएममध्ये दीड मायक्रॉन होती. ४२ नॅनोमीटर निघाले कारण यंत्राची स्वतःची रुंदी त्या ०.२० मध्ये मिसळलेली होती. सिलिकॉनच्या प्रमाण नमुन्याची रेषा त्याच सेटिंगवर घेऊन ती रुंदी वजा करावी लागते. तरीही जे उरेल तो स्फटिकाच्या सलग भागाचा आकार, रॉडचा नव्हे.

एसईएमबद्दल तीनच गोष्टी पद्धतीत हव्यात. पहिली, क्रम: आधी एक्सआरडी, मग सोन्याचा लेप. काच वीज वाहून नेत नाही, म्हणून लेपाशिवाय चित्रात पांढरे ओघळ येतात. पण लेप दिलेला तुकडा एक्सआरडीला गेला तर ३८.२ अंशांजवळ सोन्याची रेषा डोकावते आणि मग ती कसली अशुद्धी म्हणून आठवडाभर शोध चालतो. दुसरी, लेपाची जाडी लिहा. दोन्ही बाजूंना पाच-पाच नॅनोमीटर सोनं चढलं तर ४५ चा रॉड ५५ दिसतो. आपण शोधत होतो त्या फरकाचा अर्धा भाग इथेच गिळला जातो. तिसरी, वरून घेतलेल्या चित्रातून फक्त जाडी कळते. लांबीसाठी काच मागच्या बाजूने डायमंड पेन्सिलने ओरखडून तोडायची आणि कड दाखवायची. मोजमाप मध्यावरून आणि दोन्ही कडांवरून, मिळून शंभरेक रॉडचं. सुंदर दिसणाऱ्या एका कोपऱ्यातल्या दहांचं नव्हे.

टीईएम मागायचंच असेल तर कशासाठी ते लिहा. रॉड खरवडून इथेनॉलमध्ये सोडून ग्रिडवर टाकले की रॉडच्या लांबीच्या दिशेने ०.२६ नॅनोमीटर अंतराच्या ओळी दिसायला हव्यात. तेच (००२) चं अंतर. वाढ त्याच दिशेने झाली एवढंच त्यातून सिद्ध होतं. पवईला आयआयटीच्या सैफमध्ये किंवा आणखी कुठे नमुना पाठवताना अर्जात हेच वाक्य घातलं की चालवणाऱ्यालाही कुठे बघायचं ते कळतं.

दोघींनी नव्याने लिहिलेल्या पद्धतीचा मधला भाग आता असा आहे:

“झिंक नायट्रेटचं स्टॉक द्रावण (अंदाजे ०.५ मोलर) ईडीटीए टायट्रेशनने मोजून २५ मिलीमोलरपर्यंत पातळ केलं, त्यात एचएमटी २५ मिलीमोलर होईल एवढं घातलं. १०० मिलीलीटरच्या टेफ्लॉन लायनरमध्ये ७० मिलीलीटर द्रावण घेतलं. सीड दिलेली काच, सीडची बाजू खाली, भिंतीला तिरकी टेकवून ठेवली. ऑटोक्लेव्ह आधीच ९५ अंशांवर असलेल्या ओव्हनमध्ये ६ तास ठेवला. वेळ आत ठेवल्यापासून मोजली असून द्रावण ९० अंशांवर पोहोचायला सुमारे ७० मिनिटं लागतात. ऑटोक्लेव्ह ओव्हनबाहेर आपोआप थंड होऊ दिला.”

यात सीडची कृती अजून यायची आहे: अॅसिटेटचं इथेनॉलमधलं द्रावण किती मिलीमोलर, किती थेंब, किती वेळा, किती अंशांवर भाजलं. ती लिहिताना एवढं ध्यानात ठेवा की इथेनॉल उडताना काच गार पडते आणि पावसाळ्यात तिच्यावर वाफ धरते. थेंब वाळताना काचेवर दुधी ढग आला तर तो तुकडा बाजूला काढा आणि एसी चालू असलेल्या खोलीत परत करा. आणि काच वापरण्याआधीच सीडच्या मागच्या बाजूला, एका कोपऱ्यात, डायमंड पेन्सिलने छोटी फुली मारा. लायनरमधून निघाल्यावर धुवून वाळवलेल्या काचेची कुठली बाजू कुठली, हे नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही, आणि पाऊचवरची शाई पावसात पुसली जाते.